किती माल काढायचा? दोन कंपन्यांचं गणित, पायरीपायरीने

बाजारात विक्रेता एकच असेल तर हिशोब एकट्याचा असतो. मागणी माहीत, स्वतःचा खर्च माहीत. किती माल आणला की नफा सर्वांत जास्त होईल ते त्याला बसल्या जागी काढता येतं. विक्रेते हजारो असले तरी फारशी अडचण नाही. कुणा एकाच्या मालाने किंमत हलत नाही, म्हणून प्रत्येक जण चालू किंमत गृहीत धरतो आणि कामाला लागतो. खरी पंचाईत या दोन टोकांच्या मधे आहे. विक्रेते फक्त दोन असले की एकाचा नफा दुसऱ्याच्या उत्पादनावर अवलंबून राहतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. आणि निर्णय घेताना समोरच्याने काय ठरवलंय हे दोघांनाही ठाऊक नसतं.

हा पेच गणितात पहिल्यांदा नीट मांडला तो ऑंत्वान ओग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने, १८३८ साली. त्याचं उदाहरण खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचं होतं. पाणी एकसारखं, काढायला खर्च शून्य, आणि मालक दोन वेगवेगळे. प्रत्येकाने किती पाणी बाजारात आणायचं, एवढाच प्रश्न. आज अर्थशास्त्राच्या वर्गात द्वयाधिकार, म्हणजे दोन विक्रेत्यांचा बाजार, शिकवायला सुरुवात होते ती बहुधा याच मांडणीपासून. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, उत्तर बरोबर येतं, पण मधली एक पायरी बहुतेकांच्या हातून निसटते. ती पायरी आपण सावकाश बघू.

मांडणी

दोन कंपन्या अगदी सारखा माल बनवतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. दोघी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता आपापलं उत्पादन ठरवतात. किंमत कुणीच ठरवत नाही. दोघींचा माल एकत्र बाजारात येतो आणि तो सगळा खपेल अशी किंमत बाजार ठरवतो. पहिलीचं उत्पादन q1, दुसरीचं q2 आणि बेरीज Q म्हणू. मागणी सरळ रेषेची आहे:

```
P = 130 − Q = 130 − q1 − q2
```

म्हणजे बाजारात माल जवळजवळ नसेल तर किंमत १३० च्या आसपास, आणि प्रत्येक जादा नगामागे ती १ ने उतरते. एक नग बनवायला दोघींनाही १० इतका खर्च येतो, कितीही बनवले तरी तेवढाच. सुरुवातीचा ठोक खर्च काही नाही.

पहिल्या कंपनीचा नफा लिहिणं सोपं आहे. एका नगामागे सुटणारी रक्कम म्हणजे किंमत वजा १०, आणि तिला नगांच्या संख्येने गुणायचं:

```
नफा1 = (130 − q1 − q2 − 10) × q1 = (120 − q1 − q2) × q1
```

या सूत्रात q2 बसलेला आहे आणि तो पहिल्या कंपनीच्या हातात नाही. सगळी गोम इथेच आहे.

दुसरीने काही ठरवलंय असं धरून

कूर्नोची युक्ती अशी. पहिल्या कंपनीला विचारायचं, "समज, दुसरीने ३० नग काढायचं ठरवलंय आणि त्यात बदल होणार नाही. मग तू किती काढशील?" हा 'समज' फार महत्त्वाचा आहे. दुसरी खरोखर ३० नग काढेल असा दावा आपण करत नाही. फक्त तो आकडा गोठवून पहिलीचं उत्तर काढतो.

q2 = ३० धरलं की पहिलीसमोर उरलेली मागणी स्पष्ट दिसते:

```
P = 100 − q1
```

मूळ मागणीची रेषा ३० ने खाली सरकली. या उरलेल्या बाजारात पहिली कंपनी एकटीच आहे, म्हणजे तेवढ्यापुरती मक्तेदारच. तिचा नफा:

```
नफा1 = (90 − q1) × q1
```

याचं सर्वांत मोठं मूल्य काढायला विकलनसुद्धा लागत नाही. (90 − q1) आणि q1 या दोन संख्यांची बेरीज नेहमी ९० असते. बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा होतो तो दोन्ही संख्या समान असताना. म्हणून q1 = ४५. किंमत १०० − ४५ = ५५, नगामागे ४५ सुटतात, नफा ४५ × ४५ = २०२५. पडताळून बघायचं तर ४४ नग घ्या: ४६ × ४४ = २०२४. ४६ घेतले तरी २०२४ च. दोन्हीकडे कमी.

हेच सीमांत प्राप्तीच्या भाषेत सांगायचं तर एकूण प्राप्ती (100 − q1) × q1 आहे आणि तिचं विकलन केलं की सीमांत प्राप्ती 100 − 2q1 येते. ती सीमांत खर्चाएवढी, म्हणजे १० एवढी ठेवली की q1 = ४५ मिळतो. सीमांत प्राप्तीची रेषा मागणीच्या रेषेच्या दुप्पट वेगाने उतरते हे आपण मक्तेदारीच्या धड्यात शिकलेलो असतो. इथे वेगळं एवढंच की रेषा उरलेल्या मागणीची आहे.

त्या 2q1 मधला '२' कुठून आला याचा विचार करून ठेवणं पुढे उपयोगी पडतं. कंपनी एक जादा नग विकते तेव्हा तिला त्याची किंमत मिळते. पण त्या नगामुळे बाजारभाव १ ने उतरतो आणि तिच्या आधीच्या सगळ्या q1 नगांवर तिला तेवढं कमी मिळतं. हे नुकसान ती स्वतःच्या हिशोबात धरते. भाव उतरल्यामुळे दुसरीच्या ३० नगांवरही नुकसान होतं, पण ते दुसरीच्या खिशातून जातं. पहिली ते मोजत नाही. मोजायचं तिला काही कारणही नाही.

३० च्या जागी कुठलाही आकडा

आता ३० ऐवजी q2 तसाच अक्षरात ठेवू. कृती तीच. नफा (120 − q2 − q1) × q1. दोन गुणकांची बेरीज 120 − q2. म्हणून q1 तिच्या निम्मा:

```
q1 = (120 − q2) / 2 = 60 − q2/2
```

हे पहिल्या कंपनीचं प्रतिक्रिया फलन. दुसरीचा कुठलाही आकडा सांगा, पहिलीचं सर्वांत फायद्याचं उत्तर यातून निघतं. दुसरीने काहीच काढलं नाही तर ६०, म्हणजे मक्तेदाराचं उत्पादन. दुसरीने १२० काढले तर शून्य, कारण तेव्हा भाव उतरून १० वर येतो, नेमका खर्चाएवढा, आणि पहिलीला एकही नग काढण्यात अर्थ राहत नाही. दुसरीने १२० च्या पुढे कितीही काढले तरी उत्तर शून्यच. सूत्र तिथे उणे आकडा दाखवतं, पण उणे उत्पादन नसतं.

या रेषेचा उतार उणे अर्धा आहे. दुसरीने २ नग वाढवले की पहिली १ कमी करते, २ नाही. दुसरीच्या २ नगांमुळे पहिलीचा भाव २ ने पडतो. त्यातला निम्मा धक्का ती माल आवरून भरून काढते आणि निम्मा सोसते. म्हणून दुसरीने माल वाढवला की एकूण माल वाढतोच, फक्त पूर्ण वाढीएवढा नाही. मागणी रेषीय आणि नगामागचा खर्च स्थिर असला की हा अर्धा ठरलेलाच. मागणीचा उतार कितीही तीव्र असो, तो बदलत नाही.

अक्षरांत लिहून ठेवायचं असेल तर मागणी P = a − bQ आणि नगामागचा खर्च c धरा. सीमांत प्राप्ती a − 2b·q1 − b·q2 येते. नीट बघा, दुप्पट झाला तो फक्त स्वतःच्या उत्पादनाचा गुणक. q2 चा नाही. ती c एवढी ठेवली की

```
q1 = (a − c)/(2b) − q2/2
```

घाईत q2 लाही 2b लावून टाकणं ही या प्रकरणात नेहमी दिसणारी चूक आहे. ती ओळखायची खूण सोपी: तसं केल्यावर प्रतिक्रिया रेषेचा उतार उणे अर्ध्याऐवजी उणे १ येतो. दोन्ही कंपन्यांच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत पडतात आणि समीकरणं सोडवायला गेलात तर एकच एक असं उत्तर मिळतच नाही.

दोन रेषा जिथे भेटतात

दुसरी कंपनी पहिलीसारखीच आहे, म्हणून तिचं प्रतिक्रिया फलनही तसंच, फक्त नावं उलटी:

```
q1 = 60 − q2/2
q2 = 60 − q1/2
```

पहिल्यात दुसरं घालू:

```
q1 = 60 − (60 − q1/2)/2
q1 = 60 − 30 + q1/4
(3/4) q1 = 30
q1 = 40
```

आणि q2 = 60 − 20 = 40. एकूण माल ८०, किंमत ५०, नगामागे सुटतात ४०, प्रत्येकीचा नफा १६००.

यालाच कूर्नोचा समतोल म्हणतात. अर्थ इतकाच की दुसरीने ४० काढले असता पहिलीला ४० हेच सर्वांत फायद्याचं आहे आणि पहिलीने ४० काढले असता दुसरीलाही. एकटीने हलून कुणाचंच भलं होत नाही. जॉन नॅशने १९५० मध्ये हीच कल्पना कुठल्याही खेळाला लागू होईल अशा रूपात मांडली, म्हणून तिला कूर्नो-नॅश समतोल असंही नाव पडलं. शतकाहून जास्त काळ मधे गेला होता.

अक्षरांतलं उत्तर प्रत्येकी (a − c)/(3b) येतं. आपल्या आकड्यांत १२० भागिले ३.

निसटणारी पायरी

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दोन्ही कंपन्या सारख्या आहेत हे दिसल्यावर पुष्कळांना वाटतं, मग दोन-दोन समीकरणं कशाला? सुरुवातीलाच q1 = q2 = q लिहून टाकू. नफा होतो (120 − 2q) × q, विकलन करा, 120 − 4q = 0, उत्तर ३०. काम झालं.

उत्तर ३० आलं, ४० नाही. बीजगणितात कुठेही चूक नाही. चूक आहे ती क्रमात. विकलन करायच्या आधी q1 = q2 लिहिलं की त्याचा अर्थ असा होतो: पहिलीने एक नग वाढवला की दुसरीही त्याच क्षणी एक नग वाढवेल. म्हणजे पहिली आता दुसरीचा आकडा गोठलेला धरत नाही. तो आपल्या मुठीत आहे असं धरते. मग साहजिकच दुसरीच्या नगांवर होणारं नुकसानही हिशोबात शिरतं आणि उत्पादन आखडतं. आधी विकलन, मग समानता. हा क्रम उलटला की प्रश्नच बदलतो.

बदललेला प्रश्न निरर्थक मात्र नाही. दोघींनी संगनमत करून एका कंपनीसारखं वागायचं ठरवलं तर नेमकं हेच उत्तर येईल. एकूण ६० नग, किंमत ७०, एकत्र नफा ३६००, वाटून प्रत्येकी १८००. समतोलातल्या १६०० पेक्षा दोघींचंही भलं. मग त्या तिथेच का थांबत नाहीत?

पडताळा आपण आधीच करून ठेवला आहे. दुसरी ३० वर असेल तर पहिलीचं सर्वांत फायद्याचं उत्पादन ४५ आणि नफा २०२५. करार पाळला तर १८००, मोडला तर २०२५. दुसरीच्या पदरी तेव्हा पडतात ३० × ४५ = १३५०. दुसरीही हाच विचार करू शकते. म्हणून करार लेखी असो वा तोंडी, एकाच फेरीच्या या खेळात तो आपल्या बळावर टिकत नाही. पुन्हा पुन्हा तोच बाजार भरणार असेल आणि आज फसवणाऱ्याला उद्या धडा शिकवता येणार असेल तर गोष्ट निराळी, पण ते या गणिताच्या बाहेरचं आहे.

कुठलंही उत्तर समतोल आहे की नाही हे तपासायची हीच पद्धत. आलेला आकडा एका कंपनीवर गोठवा आणि दुसरीला विचारा, तुला हलावंसं वाटतं का? ३० वर तिला वाटतं. ४० वर वाटत नाही.

तिथवर पोचतात कशा?

समीकरणं सोडवून ४० मिळाले, पण कंपन्या समीकरणं सोडवत बसतात का, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या पुस्तकांत याचं उत्तर गोष्टीच्या रूपात येतं. दोघींनी आज काहीच काढलं नाही. प्रत्येकीला वाटलं, समोरची शून्यावर आहे, म्हणून उद्या दोघींनी ६० काढले. मग समोर ६० दिसले, म्हणून परवा ३०. मग ४५, मग ३७.५, मग ४१.२५, मग ३९.३७५. चाळीसपासूनचं अंतर दर फेरीला निम्मं होत जातं आणि बाजू बदलत राहते: ४० खाली, २० वर, १० खाली, ५ वर. अंतर निम्मं होतं कारण प्रतिक्रिया रेषेचा उतार अर्धा आहे.

गोष्ट चांगली आहे, पण माझ्या मते पटण्यासारखी नाही. प्रत्येक फेरीत कंपनी धरून चालते की समोरची कालचाच आकडा ठेवेल, आणि प्रत्येक फेरीत ते खोटं ठरतं. इतक्या वेळा तोंडघशी पडूनही जी शहाणी होत नाही ती नफ्याचं अचूक गणित मात्र करते, हे जरा विचित्रच.

तेच आकडे वेगळ्या रीतीने वाचले की गोष्ट सावरते. दिवस जाऊ देऊ नका. दोघींना एकदाच, बसल्या जागी विचार करू द्या. पहिली म्हणते: मी काहीही केलं तरी ६० च्या वर काढणं दुसरीच्या फायद्याचं कधीच नाही, कारण ६० हे तर समोर कुणी नसतानाचं उत्तर. बरं, ती ६० च्या वर जाणार नसेल तर माझं उत्तर ३० च्या खाली असू शकत नाही. हेच तीही माझ्याबद्दल जाणते; मी ३० च्या खाली नसेन तर ती ४५ च्या वर जाणार नाही. मग मी ३७.५ च्या खाली नाही. मग ती ४१.२५ च्या वर नाही. पट्टा दोन्ही बाजूंनी आवळत जातो आणि शेवटी त्यात एकच आकडा उरतो, ४०. इथे कुणीही कुणाबद्दल चुकीचं काही धरलेलं नाही. फक्त दोघी शहाण्या आहेत आणि समोरची शहाणी आहे हे दोघींना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक आहे हेही ठाऊक आहे, आणि असंच पुढे.

हा तर्क दोनच कंपन्यांपुरता चालतो, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. तिसरी कंपनी आणा. प्रत्येकीचं उत्तर आता ६० वजा बाकी दोघींच्या बेरजेच्या निम्मं, आणि समतोलात प्रत्येकी १२० भागिले ४, म्हणजे ३०. समतोल आहे, एकमेव आहे. पण शून्यापासून सुरुवात केली तर तिघी ६० वर जातात. मग प्रत्येकीला समोर १२० दिसतात, म्हणून तिघी शून्यावर येतात. मग पुन्हा ६०. हे हेलकावे कधीच थांबत नाहीत. बसल्या जागी विचार केला तरी तेच: कुणी ६० च्या वर जाणार नाही इतकं कळतं, पण समोरच्या दोघींचे मिळून १२० होऊ शकतात, म्हणून माझं उत्तर शून्यही असू शकतं. पट्टा शून्य ते ६० असाच राहतो, तसूभरही आवळत नाही. तिथे समतोलावर विश्वास ठेवायला दुसरं काही कारण शोधावं लागतं.

किंमत ठरवली तर?

कूर्नोच्या मांडणीवर सर्वांत गाजलेला आक्षेप जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये घेतला. विक्रेते किंमत जाहीर करत असतील तर जो थोडी कमी सांगेल त्याच्याकडे सगळं गिऱ्हाईक जाईल. मग दुसरा त्याहून कमी सांगेल, आणि सारखाच खर्च असलेल्या दोनच कंपन्या भाव खर्चापर्यंत, आपल्या उदाहरणात १० पर्यंत, खाली आणतील. कूर्नोच्या गणितात भाव ५० वर थांबतो. एकाच बाजाराची इतकी वेगळी दोन उत्तरं.

फरक आहे तो एकदा ठरवल्यावर काय बदलणं कठीण आहे यात, नग की भाव. भाव पाडून सगळं गिऱ्हाईक ओढायचं तर सगळ्यांना पुरेल एवढा माल लागतो. कारखान्याची क्षमता, लावलेलं पीक, उपसलेलं तेल हे आधी ठरतं आणि नंतर झटकन वाढवता येत नाही. असं असलं की नग हाच खरा निर्णय असतो आणि कूर्नोची मांडणी बसते. माल मागणीबरहुकूम लगेच कितीही पुरवता येत असेल तर बर्ट्रांडचं म्हणणं जवळचं. १९८३ मध्ये क्रेप्स आणि शाइंकमन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की आधी क्षमता ठरवायची आणि मग किमतीवर झगडायचं असा दोन टप्प्यांचा खेळ घेतला, तर काही अटींखाली उत्तर कूर्नोचंच येतं.

खर्च सारखा नसेल तर

सारख्या कंपन्यांच्या गणितात प्रतिक्रिया फलनाची खरी ताकद दिसत नाही. आता पहिलीचा नगामागचा खर्च १० च ठेवा आणि दुसरीचा ४० करा. पहिलीची रेषा आहे तीच राहते. तिच्या हिशोबात दुसरीचा खर्च कुठेच नव्हता. दुसरीची रेषा खाली सरकते:

```
q1 = 60 − q2/2
q2 = (130 − 40)/2 − q1/2 = 45 − q1/2
```

पहिल्यात दुसरं घातलं की q1 = 60 − 22.5 + q1/4, म्हणून q1 = 50 आणि q2 = 20. एकूण ७०, किंमत ६०. पहिलीला नगामागे ५० सुटतात, नफा २५००. दुसरीला २० सुटतात, नफा ४००. नगामागची सुटणारी रक्कम आणि नगांची संख्या दरवेळी सारखीच येते हे लक्षात आलं असेल. मागणीचा उतार १ घेतल्यामुळे तसं होतं, आणि हाताने सोडवताना उत्तर तपासायला ही खूण कामी येते. उतार b असेल तर नगामागची रक्कम b गुणिले नग एवढी यायला हवी.

पहिलीचा नफा १६०० वरून २५०० वर गेला. तिने स्वतः काहीच केलं नाही. दुसरीचा खर्च वाढला, तिने माल आवरला, त्यामुळे पहिलीला जागा मिळाली. आणि दुसरीचा खर्च ३० ने वाढला तरी भाव फक्त १० ने वाढला. सामान्य सूत्रात किंमत (a + c1 + c2)/3 येते, म्हणजे एका कंपनीचा वाढलेला खर्च एक तृतीयांशच गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. दुसरीच्या नगामागच्या वाढीतला बाकीचा दोन तृतीयांश भार तिच्या स्वतःवर.

उत्पादनांची सूत्रंही लिहून ठेवू:

```
q1 = (a − 2c1 + c2) / (3b)
q2 = (a − 2c2 + c1) / (3b)
```

ही सूत्रं डोळे मिटून वापरायची नाहीत. दुसरीचा खर्च ८० करून बघा. q2 = (130 − 160 + 10)/3, म्हणजे उणे ६.६७. आणि q1 येतो ६३.३३. दुसरा आकडा उघड चुकीचा आहे म्हणून तो शून्य करून टाकायचा आणि पहिला तसाच ठेवायचा, असं पुष्कळ जण करतात. पण ६३.३३ हाही चूकच आहे. समोर कुणी नसताना पहिलीचं उत्तर ६० आहे, त्याच्या वर ती कधीच जाणार नाही. उणे आकडा आला की सूत्र बाजूला ठेवायचं, q2 = 0 धरायचं आणि पहिलीच्या प्रतिक्रिया फलनात ते घालून q1 नव्याने काढायचा: ६०, आणि भाव ७०. मग दुसरीला विचारायचं, भाव ७० असताना तुला ८० खर्चून एखादा नग काढावासा वाटतो का? नाही. म्हणजे हा समतोल आहे.

ही सीमा नेमकी कुठे येते तेही यातून कळतं. q2 शून्य होतो तो c2 = (a + c1)/2 असताना, इथे ७० वर. आणि ७० हीच पहिली कंपनी एकटी असताना घेईल ती किंमत. दुसरीचा खर्च त्या किमतीच्या खाली असेल तोवर ती बाजारात तग धरते, कितीही लहान होऊन का होईना. तो तिथे पोचला की पहिलीला भाव पाडायचीही गरज राहत नाही.